पोटाच्या वळीखाली आणि जांघेत पुरळ: आपापले अनुभव लिहा

नीरजा: मीच सुरू करते. दुसऱ्या सिझेरियननंतर पोट टाक्यांवर लोंबायला लागलं. मागच्या मे महिन्यात त्या वळीखाली आधी नुसती भगभग, मग कातडं लालबुंद, ओलसर, आंबूस वास. मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, दोन दिवसात खाज गायब, म्हणून बंद केली की आठवड्यात परत, असं चार महिने चाललं. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं, आत स्ट्राँग स्टेरॉइड! खाज त्याने दबायची, बुरशी आत मजेत. जांघेतलं कातडं पातळ होऊन तिथे पट्टे उमटलेत ते अजून तसेच आहेत. मग साधं क्लोट्रिमॅझोल सकाळ-रात्र, आणि पुरळ दिसेनासं झाल्यावरही आठवडाभर चालू. पण खरा फरक पडला जुन्या सुती साडीच्या पट्टीने, वळीत नुसती ठेवायची आणि ओली झाली की बदलायची, ऑफिसात दुपारी एकदा नक्की.

सुगरण_७१: आम्ही तर खोबरेल तेलच लावतो बाई, लगेच थंड वाटतं.

सिस्टर_माई: तेलाने घासणं कमी होतं हे खरं, नुसतं कोरडं लाल असेल तर चालतं. पण ओलं चिघळलेलं असताना घाम आतच कोंडतो. वॉर्डात मी आधी कडा बघते. मोठ्या लाल चट्ट्याच्या बाहेर सुटे बारीक फोड, पिल्लं असल्यासारखे, तर बहुतेक कॅन्डिडा नावाची बुरशी. कड उठलेली, खवले असलेली, मधे बरी होत चाललेली, तर नायटा, त्याला औषध जास्त दिवस लागतं. कधी दोन्हींचं मिश्रण निघतं, मग खरवडून तपासावं लागतं. आणि धुतल्यावर पुसायचं टिपून, रगडून नाही.

चिऊची_आई: माझ्या बाळाला डायपरने असंच होतं, हीच ट्यूब लावू का?

सिस्टर_माई: अगं हा धागा बायकांच्या वळ्यांचा आहे, बाळाला डॉक्टरांना दाखव. आणि नीरजाची ती पहिली ट्यूब तर चुकूनही नको.

मंदा: मला वर्षात तिसऱ्यांदा झालं तेव्हा डॉक्टरांनी आधी साखर तपासायला लावली, एचबीए१सी ८.९ निघालं, तोवर डायबेटीस आहे हेच माहीत नव्हतं. पुढे साखर आटोक्यात आली तशी पुरळही थांबली. पावडरचं मात्र कळत नाही, एक डॉक्टर म्हणतात अँटीफंगल डस्टिंग पावडर टाका, दुसरे म्हणतात घामाने गोळे होऊन आणखी घासतं.

नीरजा: माझे गोळेच व्हायचे.

कोपऱ्यातली: माझ्या सासूबाई ७८ च्या, पोट उचलून पुसणं त्यांना स्वतःला जमत नाही आणि मला हात लावू देत नाहीत, लाज वाटते म्हणतात. पट्टी कशी ठेवायची मग? कोणी केलंय का हे?