उत्तर: डाइंगच्या प्रोसेस शीटचं मराठी

> "लिकर रेशोला 'द्रावण-गुणोत्तर' लिहिलं तर चालेल का? आणि फास्टनेसला काय?"

चालेल, पण रंगाच्या हौदावरचा माणूस ते वाचून थांबेल. आमच्या बेळगावच्या वडगाव-खासबागकडे कामगार मराठी-कानडी दोन्ही बोलतात आणि 'लिकर रेशो' असंच म्हणतात. तोच शब्द ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्थ द्या: 1 किलो सुताला किती लिटर पाणी.

खरी गडबड पुढच्या ओळीत होते. रंग सुताच्या वजनावर टक्क्यांत असतो, मीठ मात्र पाण्यावर, लिटरला ग्रॅममध्ये. मी एकदा दोन्हीकडे नुसतं 'प्रमाण' लिहिलं होतं. सुती धागा 40 किलो, रेशो 1:15, म्हणजे पाणी 600 लिटर. रिॲक्टिव्ह रंग 2 टक्के, म्हणजे 800 ग्रॅम. तो बरोबर पडला. मीठ लिटरला 50 ग्रॅम, म्हणजे 30 किलो हवं होतं. कामगारानं तेही सुतावर धरलं, किलोला 50 ग्रॅम, आणि 2 किलोच टाकलं! रंग सुतावर चढेना, हौदातच राहिला, शेड फिकी आली. तेव्हापासून मी 'सुताच्या वजनावर' आणि 'दर लिटर पाण्याला' असं पूर्ण लिहितो. शीट लांबते, लांबू दे.

फास्टनेसला 'पक्केपणा' उत्तम. धुण्याचा, घासण्याचा, उन्हाचा. फक्त आकडा एकटा सोडू नका: धुण्याची श्रेणी 1 ते 5, उन्हाची बहुधा 1 ते 8. म्हणून धुण्याचा 4 चांगला, उन्हाचा 4 मध्यम.

शेडला 'छटा' नको, शेडच.