मदत हवी आहे: ग्राहकांचे अभिप्राय भाषांतरात बदलले, आता काय करू?

भांडीवाली_नाशिक
भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे. वेबसाइटवर टाकायला बारा अभिप्राय भाषांतर करून घेतले. काल त्यातल्याच एका काकूंनी वाचून फोन केला, "अगं, हे मी कधी बोलले?" फार ओशाळल्यासारखं झालं. उद्यापर्यंत साइट सुरू करायची आहे. कोणी पटकन सांगेल का, कसं दुरुस्त करू?

गोदाकाठ
इंग्रजी सोपं ठेवा. 'गुड क्वालिटी' एवढं पुरे. परदेशी लोकांना लांबलचक वाचायचं नसतं.

शब्दसखा
ताई, इंग्रजीत केलंय की हिंदीत? आणि काकू नेमकं काय म्हणाल्या होत्या? मूळ वाक्य आणि भाषांतर दोन्ही टाका, त्याशिवाय कोण काय सांगणार?

भांडीवाली_नाशिक
हिंदीतच. 2027 च्या सिंहस्थाला येणारे बहुतेक हिंदीच वाचणार ना.
काकूंचं मूळ: "पितळी पातेलं घेतलं. कल्हई सव्वा वर्ष टिकली, मग परत करून घ्यावी लागली. भाव जरा जास्त वाटला, पण माणूस प्रामाणिक आहे, समोर वजन करून दिलं."
भाषांतर: "शुद्ध पीतल का पतीला लिया। कलई बरसों टिकती है। दाम वाजिब और दुकानदार प्रामाणिक।"

कळवणकर
विषय निघालाच आहे तर, पातेल्याला कल्हई करणारे आता नाशिकात कुठे बसतात? आमचं पातेलं दोन वर्षं माळ्यावर पडून आहे.

शब्दसखा
मी पंधरा वर्षं मराठी-हिंदी भाषांतर करतो. 'प्रामाणिक' हा शब्द दिसायला सारखा म्हणून उचलला गेलाय. आपल्याकडे प्रामाणिक माणूस म्हणजे न फसवणारा. हिंदीत 'प्रामाणिक' म्हणजे पुराव्यानिशी खरं, अस्सल. वाचणाऱ्याला वाटेल, दुकानाला कसलं तरी प्रमाणपत्र आहे. तिथे 'ईमानदार' हवं. 'शुद्ध' काकूंनी म्हटलंच नाही. आणि 'टिकली' ही एका पातेल्याची, घडून गेलेली गोष्ट आहे. 'टिकती है' केलं की ते सगळ्या मालाबद्दलचं आश्वासन होतं. उद्या कोणाची कल्हई दहा महिन्यांत गेली तर तो तुमच्याशीच भांडेल. मी असं लिहीन: "पीतल का पतीला लिया। कलई सवा साल चली, फिर दोबारा करानी पड़ी। दाम थोड़ा ज़्यादा लगा, पर आदमी ईमानदार है, सामने तौलकर दिया।"

सिडकोची_सून
भाव जास्त वाटला हे स्वतःच्या साइटवर कोण टाकतं? तीन टिंबं देऊन तेवढं गाळा. गाळणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

शब्दसखा
लांब अभिप्रायातला पत्ता-प्रवास गाळा, हरकत नाही. इथे 'पण' आहे. भाव खटकला तरी वजन करून दिलं म्हणून माणूस पटला, असं काकूंचं म्हणणं. पहिला अर्धा गाळला तर दुसऱ्याचं वजन जातं. शिवाय जाहिरातीतलं शिफारसीचं मत त्या माणसाचं खरं मत असावं, असं 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे.

सिडकोची_सून
टिंबं दिली म्हणजे मत बदललं असं मी मानत नाही.

भांडीवाली_नाशिक
अजून दोन अडलेत. एका आजोबांचं, "हंडा बरा आहे" याचं 'बढ़िया' झालंय. दुसऱ्या ताईंचं, "घागरीतलं पाणी प्यायला लागल्यापासून पोट साफ राहतं असं सासूबाई म्हणतात." तिथे लिहिलंय, "पेट के रोग दूर होते हैं।"

निफाडचा_बाळू
आमच्याकडे म्हातारी माणसं 'बरा' म्हणाली म्हणजे पसंत पडलाच. 'बढ़िया' अगदी योग्य आहे.

शब्दसखा
बाळूभाऊ, अर्ध पटलं. 'ठीक-ठाक' केलं तर हिंदीत ती नाराजी वाटेल, हे खरं. पण 'बढ़िया' ही उघड वाहवा झाली. 'अच्छा है' इतपत जा. आजोबांचा सूर कागदावरून कळत नाही, त्यांनाच विचारा. आणि सासूबाईंचं वाक्य 'सास कहती हैं' यासकट ठेवायचं. 'पेट साफ़ रहता है' आणि 'रोग दूर होते हैं' यांत फार अंतर आहे. दुसरं वाक्य म्हणजे उपचाराचा दावा. मला विचाराल तर तो अभिप्राय साइटवर घेऊच नका. भांडं विकताय, औषध नाही.
बाकीच्यांसाठी एक करा. ज्याने मूळ पाहिलेलं नाही अशा कोणाकडून हिंदीचं परत मराठी करून घ्या आणि ते ग्राहकाला फोनवर वाचून दाखवा. काकूंसारखं "हे मी कधी बोलले?" आलं की ते वाक्य फिरून करायचं.

गोदाकाठ
मी इंग्रजीच समजत होतो, माफ करा. पण मूळ मराठीही शेजारी ठेवा. दोन्ही वाचणाऱ्याला पडताळता येईल.

भांडीवाली_नाशिक
शेजारच्या दुकानातल्या मुलाला हिंदी वाचायला देऊन मराठी करून घेतलं. बारापैकी पाच बदलावे लागले. आजोबांना फोन केला, तर म्हणाले, "बरा म्हणजे बराच की गं, अजून काय म्हणू?" म्हणून 'अच्छा है' ठेवलं. सासूबाईंचा काढला. काकूंच्या 'भाव जास्त वाटला' या वाक्यावर बाबा अजून अडून बसलेत. साइट दोन दिवस पुढे ढकलली आहे.

कळवणकर
ते कल्हईवाल्याचं सांगा ना कोणीतरी.