मदत हवी आहे: फायब्रिनोजेन माझ्याकडं ७८ आलं, दुसऱ्या लॅबकडं १५०. चूक कुणाची?

धागाकर्ता: निळीट्यूब_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. मी डीएमएलटी करून राजारामपुरीत एका छोट्या लॅबमध्ये आहे, नाइट ड्यूटी असते. परवा रात्री दीडच्या सुमारास एका प्रसूतिगृहातून निळी ट्यूब आली. बाई ३४ आठवड्यांची, पोटात अचानक कळा, पोट दगडासारखं कडक आणि अंगावरून रक्त. डॉक्टरांना वार सुटल्याचा संशय. पीटी १६ सेकंद आला, कंट्रोल १३, एपीटीटी थोडासाच वाढलेला, प्लेटलेट १ लाख १० हजार. म्हणजे एवढं घाबरण्यासारखं काही दिसत नव्हतं.

पण डॉक्टरांनी फायब्रिनोजेनही सांगितलं होतं म्हणून ते मोजायची क्लॉस टेस्ट लावली. नेहमीसारखा प्लाझ्मा बफरमध्ये दहापट पातळ केला, ३७ ला ठेवला, थ्रॉम्बिन टाकलं तर गुठळी व्हायला ३१ सेकंद लागले. आमच्या कर्व्हवर ४०० ला ८ सेकंद, २०० ला १४ आणि १०० ला २५, त्याच्या पुढं कर्व्हच नाही. मग पाचपटच पातळ करून परत लावली, १७.४ सेकंद आले, कर्व्हवर ते १५५ ला बसतं, त्याचं निम्मं करून ७८ मिग्रॅ प्रति डेसिलीटर रिपोर्ट दिला आणि लगेच फोन केला. डॉक्टर म्हणाले, अहो त्याच वेळी दुसरीकडं पाठवलेल्या सँपलवर १५० आलंय, तुमचं चुकलं नाही ना?

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. माझे दोन प्रश्न. पीटी एवढा ठीक असताना फायब्रिनोजेन एवढं खाली जाऊ शकतं का? आणि आधीच कमी असलेली गोष्ट मोजायची तर आपण ती आणखी पातळ का करतो, हे कॉलेजात पाठ केलं पण आजवर कळलं नाही.

सुईदोरा

पीटी फक्त ३ सेकंदांनी वाढलाय म्हणजे डीआयसी नाही हो. डीआयसीत रक्त आतल्या आत गोठत राहून सगळे फॅक्टर संपतात, पीटी एपीटीटी दोन्ही लांबतात. बहुतेक तुमच्या ट्यूबमध्ये गुठळी असणार, त्यात फायब्रिनोजेन खर्च झालं की कमीच येणार.

काकू_हिमॅटॉलॉजी

सुईदोरा, गुठळीचं तुझं बरोबर आहे, ते आधी बघायलाच पाहिजे. ट्यूबमध्ये काडी फिरवून बारीकशी गुठळी लागते का आणि ट्यूब रेषेपर्यंत भरलेली होती का. २.७ मिली रक्ताला ०.३ मिली सायट्रेट असं गणित असतं, रक्त निम्मंच भरलं तर प्लाझ्मा सायट्रेटनंच पातळ होतो आणि आकडा खोटाच खाली येतो. पण पीटीवरून डीआयसी नाही म्हणणं सोडून दे बाळा. पीटी लांबायला फॅक्टर बरेच खाली जावे लागतात, आणि गरोदरपणात सातवा फॅक्टर वगैरे मुळात चढलेले असतात, त्यामुळं पीटी बराच वेळ शांत बसतो. जोरात रक्तस्राव सुरू झाला की धोक्याच्या पातळीला सगळ्यात आधी पोचतं ते फायब्रिनोजेन. वार सुटली की तिच्यातला टिश्यू फॅक्टर आईच्या रक्तात जातो, थ्रॉम्बिन सुटतं, ते फायब्रिनोजेनचं फायब्रिन करत सुटतं, वारेमागं गुठळीचा गोळा होतो, वर शरीर तो विरघळवायलाही लागतं. सलाइन दिलं की उरलेलंही पातळ.

आता पातळ का करायचं. दही लावतो ना आपण, तसं बघ. विरजण सढळ घातलंय, ते कमी पडण्याचा प्रश्नच नाही, मग दही किती वेळात लागेल हे फक्त दुधावर, दूध पातळ तर उशीर. क्लॉसमध्ये थ्रॉम्बिन मुद्दाम भरपूर आणि प्लाझ्मा पातळ, म्हणजे वेळ ठरवणारं फक्त फायब्रिनोजेन उरतं. पातळ न करता एवढं तिखट थ्रॉम्बिन टाकलंस तर नॉर्मल प्लाझ्मा डोळ्याची पापणी लवायच्या आत गोठेल, मग २०० आणि ४०० मध्ये फरक कसा ओळखणार? शिवाय प्लाझ्मातलं हेपॅरिन किंवा फायब्रिनचे तुकडे, जे थ्रॉम्बिनला अडवतात, तेही दहापट पातळ होतात.

ऊसवाला_शिरोळ

मी लॅबवाला नाही, पण विषय बघून राहवलं नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या चुलतभावाला रानात घोणस चावली. दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं हलवलं नाही, तरी ते पाण्यासारखं पातळच. डॉक्टर म्हणाले फायब्रिनोजेन संपलंय. म्हणजे त्यालाही हीच डीआयसी झाली होती का?

काकू_हिमॅटॉलॉजी

दादा, शेवट तसाच पण वाट वेगळी. घोणशीचं विष दहावा आणि पाचवा फॅक्टर थेट चालू करतं, त्यातून थ्रॉम्बिन, आणि त्यात फायब्रिनोजेन संपतं. काही जण याला डीआयसीच म्हणतात, काही वेगळं नाव देतात कारण लहान रक्तवाहिन्यांत गुठळ्या अडकून अवयव बिघडणं हे तितकं होत नाही. मुख्य फरक उपचारात, तिथं विषप्रतिबंधक लस आधी.

निळीट्यूब_कोल्हापूर

काकू, दही डोक्यात बसलं. ट्यूब काठोकाठ होती, काडी फिरवली, काही लागलं नाही. आणि नंतर मी हट्टानं दुसरी ट्यूब मागवली, दुसऱ्या हातातून, त्यात ८० आलं. मग १५० कुठून?

मशीनवाला_इचलकरंजी

त्यांनी क्लॉस केली नसणार. बऱ्याच ऑप्टिकल मशीनवर पीटी लावतानाच फायब्रिनोजेनचा आकडा फुकट मिळतो, गुठळी होताना प्रकाशात किती फरक पडला त्यावरून तो काढलेला असतो. नॉर्मल माणसात जमतं, पण फायब्रिनोजेन कमी असेल, डीआयसीत तुकडे साचले असतील तर तो जास्त दाखवतो, नेमकं जिथं खरा आकडा लागतो तिथंच. त्यांच्या रिपोर्टवर पद्धत लिहिलीय का बघा. उलट बाजूही सांगतो, पेशंट डॅबिगॅट्रानसारख्या थ्रॉम्बिन अडवणाऱ्या गोळ्यांवर असेल तर क्लॉसच खोटी कमी येते, किटमधला हेपॅरिन मारायचा पदार्थ तिथं काही करत नाही. आणि ३१ सेकंदांवर कर्व्ह ओढून आकडा काढला नाहीस, पाचपटवर परत लावलीस, ते एकदम बरोबर केलंस.

काकू_हिमॅटॉलॉजी

आणि रिपोर्टवरची २०० ते ४०० ही रेंज या बाईची नाहीच. शेवटच्या तिमाहीत ४०० ते ६०० असतं. म्हणजे १५० खरं धरलं तरी ती अर्ध्याहून जास्त गमावून बसलीय. बाळंतपणाच्या रक्तस्रावात २०० च्या खाली गेलं की मी फोन उचलते. उलटही लक्षात ठेव, सेप्सिसमध्ये फायब्रिनोजेन सूज असल्यानं वर चढतं, तिथं २५० बघून डीआयसी नाही म्हणायचं नाही, काल ६०० होतं का आज २५० हे बघायचं. म्हणून डीआयसीच्या गुणपद्धतीत १०० च्या खाली गेलं तरच एक गुण मिळतो.

निळीट्यूब_कोल्हापूर

फोन करून विचारलं, दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टवर पद्धत लिहिलेलीच नाही. त्या रात्री डॉक्टरांनी ७८ धरूनच फायब्रिनोजेन भरून काढायला ब्लड बँकेतून क्रायोच्या १० पिशव्या मागवल्या, सिझर झालं, चार तासांनी माझ्याकडं १५५ आलं. आई वॉर्डात आहे, बाळ अजून एनआयसीयूमध्ये.

एक शेवटचं विचारतो. आमच्या लॅबचे सर म्हणतात रेंज किटप्रमाणंच छापायची, गरोदर बायकांसाठी वेगळी ओळ नको, गोंधळ होतो. मला ते पटत नाही. तुमच्याकडं काय छापता?

मशीनवाला_इचलकरंजी

आमच्याकडं किटचीच रेंज, पण खाली एक ओळ टाकतो की गरोदरपणात जास्त असतं. वेगळे आकडे छापायला आपल्याकडच्या बायकांवर आधी तपासून घ्यावं लागेल, ते कुणी केलेलं मी तरी इथं पाहिलं नाही.

सुईदोरा

आमच्याकडं तीही ओळ नाही. उद्या सरांना विचारतो.