कमी ब्राइटनेसचा त्रास: दुकानातच तपासा

‘रात्री लॅपटॉपचा ब्राइटनेस उतरवला की डोळे उलट जास्तच दुखतात, असं का?’

काही लॅपटॉपच्या पडद्यामागचा दिवा मंद होतच नाही. तो सेकंदाला २००-२५० वेळा विझून पेटतो आणि ब्राइटनेस कमी केला की विझलेला वेळ वाढतो. सांगलीत लॅपटॉप घेताना मी पांढरं पान उघडलं, मोबाइल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/२००० ठेवलं. १०० टक्क्यांना चित्र स्वच्छ होतं, २५ ला रुंद काळे पट्टे, म्हणजे हीच उघडझाप. शेजारच्या लॅपटॉपवर २५ लाही पट्टे नव्हते, तोच घेतला. फिकट, बारीक पट्टे दिसले तर मात्र अंधाऱ्या कोपऱ्यात अर्धा तास वाचूनच ठरवा. घेऊन झाला असेल, तर पट्टे जिथे नाहीसे होतात त्याच्या वर ब्राइटनेस ठेवा आणि पडदा सॉफ्टवेअरने गडद करा.