उत्तर: पैसे एकाचे, घाम दुसऱ्याचा

>> दोघेही सज्जन, तरी पार्टनरशिप फिसकटते. नेमकं बिनसतं कुठे?

बऱ्याचदा ताळेबंदातल्या एका ओळीवर. अंधेरीतल्या एका कंपनीचे हिशेब मी बघायचो. दोघे मित्र, एक दादरचा, एक डोंबिवलीचा. प्रत्येकी 5,000 शेअर. दादरकराने वडिलांच्या पीएफमधले 12 लाख घातले. सीएने ते ‘संचालकांकडून कर्ज’ म्हणून नोंदवले. डोंबिवलीकर महिना लाखाची नोकरी सोडून आला आणि दीड वर्ष बिनपगारी राबला. त्या 18 लाखांची नोंद कुठेच नाही, कारण न घेतलेल्या पगाराला व्हाउचर नसतं.

मग गुंतवणूकदार आला. त्याची अट रास्तच होती: माझ्या पैशातून जुनं कर्ज फेडायचं नाही, हवं तर त्याचे शेअर करा. 600 रुपये भावाने 2,000 शेअर झाले. दादरकर 7,000, डोंबिवलीकर 5,000. म्हणजे निम्मे-निम्मेचे 58-42, तेही गुंतवणूकदाराचा वाटा निघण्याआधीच.

डोंबिवलीकर मीटिंगमध्ये एवढंच म्हणाला, “माझं कर्ज कुठे लिहिलंय रे?” दादरकर गप्प. त्याच्या घरी वडील रोज पैशांचं विचारत होते. त्यात प्रेझेंटेशनवर एकाच्या नावाखाली ‘संस्थापक’, दुसऱ्याच्या नावाखाली ‘सहसंस्थापक’. ते डिझायनरने केलं होतं, पण आठवडाभर दोघांनीही बदलायला सांगितलं नाही (मला विचाराल तर खरी ठिणगी हीच). पुढे जेवणाचे डबेही वेगवेगळ्या वेळी उघडू लागले.

थकलेला पगार पहिल्या महिन्यापासून लेखी ठरवून देणं म्हणून दाखवला असता, तर त्याचेही शेअर मागता आले असते. टॅक्सची कटकट झाली असती, ते वेगळं.