नायकाशिवाय पुढे सरकणारी गोष्ट

"नायक एकाच शिल्पात दोन-तीनदा दिसला, की तितके प्रसंग मोजायचे."

शिल्पातली गोष्ट वाचायचा हा नियम जातककथांच्या, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांच्या, शिल्पांत बऱ्याचदा जमतो, पण सांचीच्या स्तूपाच्या पूर्व तोरणावर मोजायला नायकच मिळत नाही. मधल्या तुळईच्या दर्शनी बाजूला सिद्धार्थाचं गृहत्यागाचं दृश्य आहे. डावीकडे कपिलवस्तूचं नगर, आणि तिथून निघालेला त्याचा कंथक घोडा उजवीकडे जाताना चार वेळा कोरलाय. पाठीवर स्वार नाही. सांचीच्या तोरणांवर बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवत नाहीत, त्यामुळे कोण चाललंय ते वर धरलेल्या छत्रावरून ओळखायचं. टापांचा आवाज होऊन नगर जागं होऊ नये म्हणून देव घोड्याचे पाय उचलून धरतात, तेही नीट पाहिलं तर दिसतं.

खरी गंमत उजव्या टोकाला आहे. तिथे छत्र घोड्यावरून हटून पाऊलखुणांवर आलंय आणि समोर त्याचा सेवक छन्न वाकलाय. म्हणजे राजपुत्र उतरला! त्याखाली घोडा पाचव्यांदा येतो, या वेळी तोंड नगराकडे आणि वर छत्र नाही. हा परतीचा प्रवास. घाईत पाहणारा याला मिरवणुकीतलाच आणखी एक घोडा समजतो. तेव्हा आधी छत्र शोधा, मग घोड्याचं तोंड कुठे आहे ते बघा.

मधलं कठड्यातलं झाड मात्र या क्रमात बसवू नका. ते जांभळीचं झाड मानतात, आणि त्याखालचं सिद्धार्थाचं पहिलं ध्यान गृहत्यागाच्या कितीतरी आधीचं.