२०,००० नोडचा ग्राफ: अ‍ॅडजेसन्सी लिस्ट घ्यावी की मॅट्रिक्स?

सायली_प

नमस्कार. एका ग्राफसाठी सल्ला हवा आहे. नोड २०,०००, एज १,५०,०००. दिशा नाही, वजनं नाहीत. भाषा C++. प्रोग्राम अधूनमधून एखाद्या नोडपासून BFS करतो, पण त्याचं मुख्य काम वेगळं आहे: "u आणि v मध्ये एज आहे का?" ही क्वेरी तो कोट्यवधी वेळा करतो.

`vector<vector<int>>` असं मॅट्रिक्स घेतलं तर उत्तर लगेच मिळतं, पण मेमरी १.६ जीबी लागते आणि माझ्याकडे मर्यादा ५१२ एमबीची आहे. लिस्ट घेतली की मेमरीचा प्रश्न मिटतो, पण क्वेरी रेंगाळतात. बहुतेक नोडना दहाच्या आसपास शेजारी आहेत. मोजक्या नोडना मात्र हजारो आहेत, सगळ्यात मोठ्याला ८,०००. काय घ्यावं?

ओंकार७७

क्वेरी जास्त असतील तर मॅट्रिक्स, यात विचार करण्यासारखं काही नाही. मॅट्रिक्समध्ये O(1), लिस्टमध्ये डिग्रीइतका वेळ. फक्त `int` काढून `char` घ्या. २०,००० × २०,००० म्हणजे ४० कोटी बाईट, ४०० एमबी. ५१२ मध्ये बसतं.

मेधा_ग्राफवाली

`int` ची गरज नाही हे ओंकार यांचं म्हणणं बरोबर. पण मग `char` वरही थांबायचं कारण नाही. वजन नाही, म्हणजे प्रत्येक जोडीसाठी एक बिट पुरतो. ४० कोटी बिट म्हणजे ५० एमबी. `bitset<20000>` चा २०,००० चा अ‍ॅरे करा. फक्त तो ग्लोबल ठेवा किंवा हीपवर घ्या. फंक्शनच्या आत साधा लोकल म्हणून लिहिलात तर स्टॅक फुटेल आणि प्रोग्राम पहिल्याच ओळीला segmentation fault देऊन बंद पडेल.

तरीही या ग्राफसाठी मी मॅट्रिक्स घेणार नाही, आणि कारण मेमरी हे नाही. कारण वेग आहे.

O(1) म्हणजे एक वाचन, हे खरं. पण ते वाचन ५० एमबीमध्ये कुठेतरी. क्वेरी कोणत्याही क्रमाने येत असतील तर बहुतेक वेळा ती जागा प्रोसेसरच्या जवळच्या कॅशमध्ये नसते. मुख्य मेमरीपर्यंत जावं लागलं तर एका वाचनाला साधारण शंभर नॅनोसेकंदांच्या घरात वेळ जातो. `char` चं ४०० एमबीचं मॅट्रिक्स घेतलं तर हे जवळजवळ प्रत्येक क्वेरीला होईल.

आता लिस्ट बघा. सगळे शेजारी एकाच सलग अ‍ॅरेत ठेवले आणि प्रत्येक नोडची सुरुवात कुठे, हे दुसऱ्या अ‍ॅरेत ठेवलं, तर ३,००,००० नोंदी × ४ बाईट म्हणजे १.२ एमबी, वर सुरुवातींचे ८० केबी. अख्खा ग्राफ १.३ एमबीच्या आत. तो कॅशमध्ये टिकून राहतो. पंधरा शेजारी म्हणजे ६० बाईट. कॅशलाइन सहसा ६४ बाईटची असते. म्हणजे साध्या नोडची पूर्ण यादी एक किंवा दोन कॅशलाइनमध्ये आली. कागदावर लिस्ट हळू, प्रत्यक्षात बरेचदा उलटं.

आता तुमची लिस्ट का रेंगाळते ते. माझा अंदाज असा की तुम्ही u ची यादी सुरुवातीपासून वाचत जाता, आणि क्वेरीतला u हा एखाद्या एजवरून चालत आलेला असतो. असं असेल तर मोठे नोड त्यांच्या डिग्रीच्या प्रमाणात वारंवार येतात. ८,००० शेजारी असलेला एकटा नोड ३,००,००० टोकांपैकी ८,००० टोकं अडवतो, म्हणजे २.७ टक्के क्वेरी त्याच्या वाट्याला. एज नसेल तर तिथे पूर्ण ८,००० पावलं. गुणाकार केला तर त्या एका नोडमुळे दर क्वेरीमागे सरासरी २१३ पावलं वाढतात, आणि साधारण नोडना लागतात पंधरा. खात्री करायची तर क्वेरीच्या फंक्शनमध्ये वाचलेल्या यादीची लांबी मोजून बेरीज करा. भागाकार पंधराच्या आसपास न येता शेकड्यांत आला, तर दुखणं हेच.

उपाय दोन ओळींचा आहे. याद्या एकदा सॉर्ट करून ठेवा, आणि शोध नेहमी कमी शेजारी असलेल्या बाजूने करा:

```cpp
bool hasEdge(int u, int v) {
    if (deg(u) > deg(v)) swap(u, v);
    return binary_search(nbr.begin() + off[u],
                         nbr.begin() + off[u + 1], v);
}
```

`deg(u)` म्हणजे `off[u + 1] - off[u]`. दिशा नसल्यामुळे बाजू बदलली तरी उत्तर तेच. दिशा असलेल्या ग्राफला ही अदलाबदल चालणार नाही. तिथे u कडून v कडे जाणारी एज आणि v कडून u कडे येणारी एज वेगळ्या.

रोहन.डी

मी रस्त्यांच्या जाळ्यावर काम करतो, ४०० नोड, सगळ्या जोड्यांमधलं कमीत कमी अंतर काढायचं. मॅट्रिक्सच योग्य ठरतं. तुम्हीही तेच घ्या, उगाच गुंतागुंत कशाला? फक्त माझ्याकडे काही अंतरं ऋण येतायत, ते कळत नाहीये.

मेधा_ग्राफवाली

रोहन, तुमचा प्रश्न वेगळा आहे. सगळ्या जोड्यांचं अंतर काढणार असाल तर उत्तरच मुळी ४०० × ४०० चं आहे, तेव्हा मॅट्रिक्स हवंच, आणि ते `int` मध्येही ६४० केबीच होतं. सायलीकडे नोड पन्नास पट आहेत, म्हणजे मॅट्रिक्स अडीच हजार पट.

ऋण अंतराचं कारण बहुधा हे: "एज नाही" साठी तुम्ही `INT_MAX` भरलंय. Floyd–Warshall दोन अंतरांची बेरीज करतो, आणि `INT_MAX` मध्ये काहीही मिळवलं की संख्या ओव्हरफ्लो होऊन बहुतेक वेळा ऋण दिसते. त्याऐवजी १०० कोटी भरा. दोनदा मिळवलं तरी २०० कोटी, `int` मध्ये मावतं. पण तुमची खरी अंतरं या आकड्याच्या जवळपास जात नाहीत, एवढं आधी बघून घ्या. आणि "एज नाही" साठी ० भरू नका, नाहीतर शून्य लांबीची एज आणि नसलेली एज यांत फरक राहत नाही.

अनुप_क

हॅश सेटचं नाव कुणीच घेतलं नाही. u आणि v पैकी लहान आधी घेऊन `u * n + v` ही की बनवायची, `unordered_set` मध्ये टाकायची. BFS साठी लिस्ट, क्वेरीसाठी सेट. मोठा नोड असो की लहान, वेळ सारखाच.

मेधा_ग्राफवाली

चालेल, पण दोन गोष्टी बघा. लिनक्सवरच्या नेहमीच्या `unordered_set` मध्ये एका नोंदीला वाटपासकट ३२ बाईट आणि वर बकेटचे ८ धरा. दीड लाख नोंदी म्हणजे ६ एमबी. परवडतं, पण नोंदी हीपवर विखुरलेल्या असतात, म्हणजे पुन्हा कॅशचा तोच प्रश्न. दुसरं, ही की `int` मध्ये काढू नका. २०,००० नोडला ती मावते. ४६,३४१ नोड झाले की वर्ग `int` च्या बाहेर जातो, आणि ६५,५३६ च्या पुढे गेले की एज नसलेल्या जागी "आहे" अशी उत्तरं येऊ शकतात. `long long` घ्या, आणि गुणाकाराच्या आधी u ला `long long` करा, नंतर नाही.

ओंकार७७

पण मग मॅट्रिक्स कधीच घ्यायचं नाही का? बिट मॅट्रिक्स दाट ग्राफला लिस्टपेक्षा लहान होतं.

मेधा_ग्राफवाली

होतं, आणि नेमकं कधी ते काढता येतं. लिस्टमध्ये एका शेजाऱ्याला ३२ बिट लागतात, मॅट्रिक्सच्या ओळीत प्रत्येक नोडला १ बिट. म्हणजे एखाद्या नोडला एकूण नोडच्या १/३२ पेक्षा जास्त शेजारी असतील तर बिटची ओळ लहान. २०,००० नोडला ही सीमा ६२५. `char` चं मॅट्रिक्स असेल तर सीमा १/४, म्हणजे ५,००० शेजारी. सायलीच्या ग्राफची सरासरी १५ आहे, म्हणून पूर्ण मॅट्रिक्स नको.

पण हा हिशेब अख्ख्या ग्राफलाच लावायला हवा असं नाही, एकेका नोडलाही लागतो. ६२५ किंवा जास्त शेजारी असलेले नोड जास्तीत जास्त ४८० असू शकतात, कारण एकूण टोकंच ३,००,००० आहेत. फक्त त्यांच्यासाठी बिटच्या ओळी ठेवल्या तर एक ओळ २,५०० बाईट, म्हणजे फार तर १.२ एमबी. बाकी सगळं लिस्टमध्येच. मग क्वेरीत दोघांपैकी एक जरी मोठा असेल तरी एक बिट वाचायचा, नाहीतर लहान बाजूने शोधायचं.

अनुप_क

यातून फार काही मिळेल असं मला वाटत नाही. लहान बाजूने शोधायचं ठरल्यावर मोठ्या नोडची यादी वाचावी लागते ती फक्त दोन्ही टोकं मोठी असताना. तिथेही ८,००० मध्ये बायनरी सर्च १३ पावलांचा. तेरा पावलं वाचवायला दुसरी रचना सांभाळायची, तीही याद्यांशी कायम जुळती ठेवून?

मेधा_ग्राफवाली

निव्वळ "एज आहे का" एवढंच असेल तर अनुप यांचा मुद्दा मान्य. फरक पडतो तो सामाईक शेजारी मोजताना. u ला दहा शेजारी, v ला ८,०००. u चा प्रत्येक शेजारी v च्या यादीत शोधायचा तर १० × १३, सुमारे १३० पावलं. v ची बिटची ओळ असेल तर दहा वाचनं, तीही एकाच अडीच हजार बाईटच्या तुकड्यात.

सायली_प

यादीची लांबी मोजून पाहिली. सरासरी शेकड्यांत आली, म्हणजे तेच दुखणं. सॉर्ट आणि अदलाबदल दोन्ही लावते. सामाईक शेजारी सध्या मोजत नाही, पण पुढच्या टप्प्यात मोजावे लागतील.

एक राहिलं. दिवसातून काही वेळा शेकडाभर नवीन एज येतात, आणि थोड्या काढाव्याही लागतात. सलग अ‍ॅरेत मध्येच कसं घुसवायचं?

मेधा_ग्राफवाली

दिवसातून काही वेळाच असेल तर घुसवू नका, अ‍ॅरे नव्याने बांधा. ३,००,००० नोंदी पुन्हा लावणं हे काही मिलिसेकंदांचं काम. बांधकाम चालू असताना क्वेरी जुन्या अ‍ॅरेवर चालू द्या, पूर्ण झालं की पॉइंटर बदला. तेवढ्या वेळापुरती मेमरी दुप्पट, म्हणजे २.६ एमबी.

अनुप_क

मी प्रत्येक नोडला वेगळा सॉर्ट केलेला `vector` ठेवेन. हेडरचे २४ बाईट × २०,००० म्हणजे अर्धा एमबीही नाही. नवीन एज `lower_bound` ने जागा शोधून घालायची. सगळ्यात मोठ्या नोडलाही फार तर ३२ केबी सरकवावे लागतात. नव्याने बांधणीच नको, आणि नवीन एज त्याच क्षणी दिसते.

मेधा_ग्राफवाली

एकाच थ्रेडमध्ये क्वेरी आणि बदल होत असतील तर हे सोपं पडेल. थ्रेड वेगळे असतील तर मात्र एकजण वाचत असताना दुसऱ्याने `vector` वाढवला की जुनी जागा मोकळी होते आणि वाचणारा कचरा वाचतो. मग लॉक आला, आणि कोट्यवधी क्वेरींमध्ये तो प्रत्येक वेळी घ्यावा लागेल. सायली, थ्रेड किती आहेत?